चढावर क्लच कसा सोडायचा: आत काय घडतं ते समजून, टप्प्याटप्प्याने

चाळीसगाव सोडून कन्नडच्या घाटाला लागलं आणि पुढे ट्रकची रांग असली, की नवा चालवणारा दोनपैकी एक चूक करतो. एकतर गाडी मागे सरकते, बाजूला बसलेला ओरडतो, "गाडी मांगे यी ऱ्हायनी ना भाऊ!", आणि घाबरून क्लच एकदम सोडल्यावर ती बंद पडते. नाहीतर मागे सरकू नये म्हणून तो क्लच अर्धा धरून, रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलत बसतो. ही दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त महागात पडते. घाट चढेपर्यंत जळका वास येतो आणि पुढे काही महिन्यांत क्लचप्लेट बदलायची वेळ येते.

दोन्ही चुकांचं कारण एकच. पायाखाली काय चाललंय हे माहीत नसतं. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

## आत काय घडतं

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील ही जड लोखंडी चकती असते. इंजिन चालू असेपर्यंत ती फिरतच राहते. तिच्यावर प्रेशर प्लेटचं कव्हर बोल्टने आवळलेलं असतं, त्यामुळे प्रेशर प्लेटही इंजिनाबरोबर फिरते. या दोघींच्या मधोमध क्लचप्लेट बसते. क्लचप्लेट मात्र इंजिनाला जोडलेली नसते. ती गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टच्या खाचांवर बसलेली असते आणि त्या शाफ्टबरोबरच फिरते.

पाय पेडलवर नसताना प्रेशर प्लेटमधली मोठी स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. तिघी एकत्र फिरतात आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगच्या पात्यांना दाबतं, प्रेशर प्लेट किंचित मागे येते आणि क्लचप्लेट सुटते. जोर तुटतो. इंजिन आपलं फिरत राहतं, चाकं थांबू शकतात.

पेडल दाबणं म्हणजे सोडवणं आणि पेडल सोडणं म्हणजे जोडणं, हे उलटं गणित डोक्यात पक्कं बसू द्या. जोर तोडायचं काम तुमचा पाय करतो, जोडायचं काम स्प्रिंग करते. आपण फक्त स्प्रिंगला किती वेगाने जोडू द्यायचं ते ठरवतो.

या दोन स्थितींच्या मध्ये एक पट्टा असतो. तिथे फ्लायव्हील जास्त वेगाने फिरतंय, क्लचप्लेट कमी वेगाने, आणि दोघी एकमेकींवर घासतायत. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. हे घासणं वाईट नाही, त्याशिवाय उभी गाडी हलणारच नाही. पण प्लेट झिजते आणि तापते ती जवळजवळ फक्त याच पट्ट्यात. त्यामुळे खालचा प्रत्येक टप्पा एकाच हेतूने आहे: या पट्ट्यात लागेल तेवढंच राहायचं.

## टप्पा 1: बसण्याची तयारी

क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पाय ताणून बोटांनी दाबावं लागत असेल तर क्लच पूर्ण सुटणार नाही आणि गिअर खरखरतील. उलट फार जवळ बसलात तर मांडी उचलून पेडल सोडावं लागेल. मांडीने बारीक नियंत्रण होत नाही, ते घोट्याने होतं. शक्य असेल तर टाच फरशीला टेकलेलीच ठेवा.

आता वाकून पायाखालची मॅट बघा. बाजारातून घेतलेल्या जाड मॅटचा कोपरा पेडलखाली आला की क्लच पूर्ण दाबला जात नाही. "गिअर पडत नाहीत" म्हणून गॅरेजात आलेल्या गाडीत दोष मॅटचाच निघाला, असंही होतं. चप्पल काढून किंवा पातळ तळाच्या बुटाने शिका.

तपासा: इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हलकेच दाबा. केबलच्या क्लचमध्ये सुरुवातीचा थोडा भाग सैल लागतो, मग ताण येतो. या मोकळ्या चालीचं माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती चाल अजिबात उरली नसेल तर पाय नसतानाही बेअरिंग स्प्रिंगवर दाब देत राहतं आणि प्लेट घसरते. फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. ऑइलवर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक क्लचमध्ये हा फरक बहुतेक आपोआप भरून निघतो. तिथे बाटलीतली ऑइलची पातळी बघायची. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते.

## टप्पा 2: पकडीची जागा शोधा

हा टप्पा लोक उरकून टाकतात आणि मग घाटात रडतात. याला अर्धा तास द्या. सुट्टीच्या दिवशी जिनिंगचं किंवा बाजार समितीचं मोकळं आवार मिळालं तर उत्तम. जमीन सपाट हवी, समोर माणूस किंवा भिंत नको. शिकाऊ परवाना असेल तर शेजारी पक्का परवानाधारक बसवा.

1. हँडब्रेक सोडा, उजवा पाय ब्रेकवर. क्लच तळापर्यंत दाबा, इंजिन चालू करा, पहिला गिअर टाका.
2. ब्रेकवरचा पाय उचला, पण रेसवर ठेवू नका. या टप्प्यात रेस द्यायचीच नाही.
3. क्लच अगदी हळू सोडत या. पहिल्या भागात काहीच घडणार नाही, कारण प्लेट अजून टेकलेलीच नाही.
4. मग एका जागी इंजिनाचा आवाज जड होईल, आरपीएमचा काटा किंचित खाली येईल आणि पेडलमधून तळपायाला बारीक थरथर लागेल. तिथेच पाय थांबवा. ही पकडीची जागा.
5. पाय तसाच धरला की गाडी सरपटू लागेल. दोन-तीन मीटर गेल्यावर क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा करा.

आवाज, काटा, थरथर यांपैकी काट्यावर फार भिस्त ठेवू नका. आजकालच्या गाड्यांत इंजिनावर भार आला की संगणकच थोडं पेट्रोल वाढवतो, त्यामुळे काटा जवळजवळ हलत नाही. कान आणि तळपाय जास्त खरं सांगतात. म्हणून शिकताना गाणी बंद आणि एसीचा पंखा कमी.

तपासा: रेस न देता, गाडी बंद न पाडता, झटका न बसता लागोपाठ गाडी हलवता येते का? येत असेल तरच पुढे जा. इथे अडखळणाऱ्याने चढावर जाऊ नये.

सावध: पकडीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. भावाच्या गाडीवर शिकून स्वतःच्या गाडीत बसलात की आधी हा टप्पा पुन्हा करा.

## टप्पा 3: सपाट रस्त्यावर गाडी उचलणे

"क्लच हळू सोड" हा सल्ला अर्धवट आहे. संपूर्ण पेडल हळू सोडण्यात काही अर्थ नाही. पेडलचे तीन भाग करा. तळापासून पकडीच्या जागेपर्यंत झटपट या, तिथे काही घडतच नाही. पकडीवर आल्यावर थांबा, थोडी रेस द्या आणि गाडी वेग घेईपर्यंत पाय जवळजवळ स्थिर ठेवा. वेग आला की उरलेलं पेडल सावकाश पण न अडखळता सोडून पाय पूर्ण बाजूला घ्या.

मधल्या भागात किती वेळ थांबायचं? त्याचं उत्तर गिअरच्या गणितात आहे. लहान हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचे साधारण 14 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. इंजिन नुसतं गुरगुरत असताना मिनिटाला 800 फेरे घेतं, म्हणजे चाकाचे 57. अशा चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पावणेदोन ते दोन मीटर जाते. हिशेब केला तर ताशी 6 ते 7 किलोमीटर येतात, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग.

या वेगाला पोचल्यावर फ्लायव्हील आणि क्लचप्लेट सारख्याच वेगाने फिरू शकतात, घासायचं कारण उरत नाही. रेस दिलेली असेल तर हा वेग थोडा वर सरकतो, इतकंच. सपाटीवर हे दीड-दोन सेकंदांत होतं. त्यानंतरही पेडलवर पाय रेंगाळत असेल तर ते घासणं फुकटचं.

नेहमीच्या चुका: आधी खूप रेस देऊन मग क्लच सोडणे. इंजिन 3000 वर आणि प्लेट उभी, म्हणजे दोघींच्या वेगातला फरक मुद्दाम वाढवून ठेवला. दुसरी, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे. दुसऱ्या गिअरला तो जुळणारा वेग ताशी 12 च्या घरात जातो, तोवर प्लेट घासत राहते. भाजी बाजारात सरपटताना ही सवय फार लोकांना लागते.

## टप्पा 4: चढावर गाडी उचलणे

आता मूळ अडचण. चढावर क्लचमधून जाणाऱ्या जोराला दोन कामं करावी लागतात: गाडीला मागे येऊ न देणं आणि पुढे ढकलणं. यातलं पहिलं काम हँडब्रेककडे द्या. क्लचकडे फक्त दुसरं ठेवा.

सरावाला एकदम घाटात जाऊ नका. कालव्याच्या पुलाचा चढ किंवा रहदारी नसलेला एखादा रॅम्प पुरे.

1. चढावर थांबल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढा. गिअर न्यूट्रल, दोन्ही पाय मोकळे. ब्रेकवरचा पाय काढून बघा, गाडी सरकत असेल तर हँडब्रेक अजून ओढा. तरीही सरकत असेल तर हँडब्रेक दुरुस्त होईपर्यंत घाट नको.
2. निघायची वेळ आली की क्लच दाबा, पहिला गिअर टाका. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून ठेवा, पण दांडा खाली सोडू नका.
3. थोडी रेस द्या, आवाज स्थिर ठेवा. 1500 आरपीएमच्या आसपास बहुतेक गाड्यांना पुरतं. चार माणसं आणि सामान असेल तर जरा जास्त.
4. क्लच पकडीपर्यंत आणा आणि मग अगदी थोडा आणखी सोडा. सपाटीपेक्षा इथे पकड जास्त लागते. आवाज जड होईल आणि गाडीची मागची बाजू किंचित खाली बसल्यासारखी वाटेल. गाडी हँडब्रेकला ओढतेय याची ही खूण.
5. ही खूण मिळाल्यावरच हँडब्रेक खाली सोडा. गाडी मागे येणार नाही. पुढे निघाली की रेस थोडी वाढवत क्लच पूर्ण सोडा.

लोक 4 आणि 5 यांचा क्रम उलटा करतात. हँडब्रेक आधी सोडतात आणि मग पकड शोधत बसतात. गाडी फूटभर मागे आली की पाय घाबरतो, क्लच सुटतो, इंजिन बंद पडतं.

काही नव्या गाड्यांत चढावर ब्रेकवरून पाय काढल्यानंतर दोनेक सेकंद गाडी आपोआप धरून ठेवण्याची सोय असते. ती असेल तर वापरा. पण ती थोडाच वेळ धरते, त्यामुळे पाय हलवायच्या आधी पुढची जागा खरंच मोकळी झाली आहे का ते बघा.

### क्लचवर गाडी तोलली तर किती उष्णता?

समजा माणसांसकट 1200 किलोची गाडी, बारा मीटरला एक मीटर असा चढ, आणि चालक 1500 आरपीएमवर अर्ध्या क्लचने ती जागेवर तोलून धरतोय. चाकं हलत नाहीत, म्हणजे इंजिनाने दिलेली ताकद गाडी चढवण्यात जातच नाही. ती सगळी प्लेटवर घासून उष्णता बनते. गणित मांडलं तर हा आकडा तीन किलोवॅटच्या पुढे जातो. न्हाणीघरातला विजेचा गिझर साधारण दोन-तीन किलोवॅटचा असतो. तो पाणी तरी तापवतो, इथे ताटलीएवढ्या प्लेटचं अस्तर तापतंय आणि तेही बंद डब्यात. बाहेर जळगाव-भुसावळचा 45 अंशांचा मे असेल तर थंड व्हायला आणखी वेळ लागतो.

### घाटातली रांग: एकाच 300 मीटरचे दोन हिशेब

पुढची रांग तुटक तुटक सरकतेय. पहिला चालक पुढची गाडी पाच मीटर हलली की आपलीही हलवतो. पाच मीटरांत गाडी ताशी 6-7 चा वेग गाठतच नाही, त्यामुळे क्लचवरून पाय कधी पूर्ण निघत नाही आणि सगळे पाच मीटर प्लेट घासत जाते. एका खेपेला पाच सेकंद धरा. 300 मीटरला 60 खेपा, म्हणजे 300 सेकंद, पाच मिनिटं घासणं. यात मधल्या वेळी क्लचवर तोलून धरलेले क्षण मोजलेले नाहीत.

दुसरा चालक हँडब्रेक लावून, क्लचवरून पाय काढून बसतो आणि पुढे वीसेक मीटर जागा झाली की निघतो. तीन सेकंदांत पाय पूर्ण सुटतो, उरलेलं अंतर गाडी घट्ट जोडलेल्या क्लचवर चढते. 15 खेपा, 45 सेकंद. दोघेही वर एकाच वेळी पोचतात, कारण वेग ट्रकांची रांग ठरवते. मागचा हॉर्न वाजवील, मोकळ्या जागेत एखादी दुचाकी घुसेल. घुसू द्या.

## टप्पा 5: चालत्या गाडीत गिअर बदलणे आणि थांबणे

गिअर चढवताना आधी रेस सोडा, लगेच क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच सोडत असतानाच रेस द्या. रेस न सोडता क्लच दाबला की मोकळं झालेलं इंजिन किंचाळतं, आणि क्लच सोडताना तो वाढीव वेग प्लेटने घासून उतरवावा लागतो. गिअर टाकल्यावर क्लचवर पाय ठेवून जाऊ नका. नुसत्या टेकलेल्या पायानेही बेअरिंग स्प्रिंगला टेकतं. पाय डावीकडच्या पायदानावर.

थांबताना ब्रेक आधी, क्लच शेवटी. गाडी अगदी मंद होऊन इंजिन आचके देण्याच्या बेतात आलं की क्लच दाबा. लांबून क्लच दाबून गाडी घरंगळत आणली तर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

सावध: घाट उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडणं धोक्याचं आहे. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा.

## टप्पा 6: जळका वास आला तर

जळालेल्या ब्रेकसारखा उग्र वास आला की सुरक्षित जागी बाजूला घ्या. शक्य असेल तर सपाटीवर. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, क्लचवरून पाय काढा आणि वीस-तीस मिनिटं गाडी उभी ठेवा. पाणी ओतू नका. वास एकदाच येऊन गेला आणि नंतर ओढ नेहमीसारखी असेल, तर अस्तराचा वरचा थर भाजला इतकंच, घाबरायचं कारण नाही.

काळ्या मातीत चाक रुतल्यावर मात्र लोक वास येऊनही थांबत नाहीत. पुढे-मागे, पुढे-मागे करत अर्ध्या क्लचवर इंजिन ओरडवत राहतात. पावसाळ्यात शेतरस्त्यावर प्लेट जळायचं हे हमखास ठिकाण. दोन-तीन प्रयत्नांत चाक निघालं नाही तर ट्रॅक्टर बोलवा, ते प्लेटपेक्षा स्वस्त पडतं.

## टप्पा 7: दोष प्लेटमध्ये की पायात?

घसरतेय का: मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 50 च्या आसपास चौथ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबर वाढले तर पकड ठीक. काटा पटकन चढला आणि वेग मागे राहिला, तर प्लेट घसरतेय. सुरुवातीला हे फक्त चढावर आणि भरलेल्या गाडीत दिसतं. सपाटीवर "पिकअप कमी झालंय" एवढीच तक्रार असते.

पूर्ण सुटतेय का: इंजिन चालू, गाडी उभी, न्यूट्रल. क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही खरखरला तर प्लेट अजून इंजिनाबरोबर फिरतेय. मॅट, केबलची जास्तीची ढील, ऑइल कमी होणं किंवा त्यात हवा शिरणं, या क्रमाने बघा. गिअरबॉक्स उतरवायचा विचार सगळ्यात शेवटी.

आवाज कधी येतो: पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना आवाज आणि पेडल दाबल्यावर गायब, तर बहुधा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. मिस्त्रीला "आवाज येतो" एवढंच न सांगता तो कधी येतो हे सांगितलंत, तर नको ते काम निघत नाही.

प्लेट बदलायची ठरली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, आणि एक भाग जुना ठेवून वाचवलेले पैसे तो पुन्हा उतरवताना जातात. गिअरबॉक्स खाली असताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग स्वतः बघा. निळे-काळे डाग, भेगा किंवा खोल चऱ्या असतील तर त्यावर नवी प्लेट तशीच बसवू देऊ नका, नाहीतर गाडी उचलताना थरथरत राहील. नव्या सेटची पकड सहसा जुन्यापेक्षा खाली, फरशीकडे लागते. तेव्हा गॅरेजातून बाहेर पडताच टप्पा 2 पुन्हा करा. पहिले चार-पाचशे किलोमीटर अस्तर बसेपर्यंत भरलेली गाडी घेऊन घाटात जायचं टाळा.